क्रेडिट स्कोअर सुधारल्यावर चालू गृहकर्जाचा दर कमी करून मागणारे पत्र: कसे लिहावे, कुठे द्यावे, काय तपासावे

कर्ज घेतले तेव्हा तुमचा क्रेडिट स्कोअर सातशेच्या आसपास होता, म्हणून बँकेने दर थोडा चढा लावला. नंतर हप्ते वेळेवर गेले, क्रेडिट कार्डाची जुनी बाकी फिटली आणि स्कोअर पावणेआठशेच्या पुढे सरकला. दर मात्र जुन्याच हिशेबाने चालू आहे. बँक तो आपणहून कमी करील याची वाट पाहण्यात अर्थ नाही, तो मागावा लागतो.

मागायचा कसा, यातच बहुतेक जण चुकतात. "माझा स्कोअर चांगला झाला आहे, तरी कृपया व्याजदर कमी करावा" असे दोन ओळींचे पत्र शाखेत सहज बाजूला पडते. नेमके काय बदलायचे, कोणत्या अटीखाली बदलायचे आणि किती, यातले काहीच वाचणाऱ्या अधिकाऱ्याला त्यातून कळत नाही. या तीन प्रश्नांची उत्तरे असलेले पत्र तयार कसे करायचे ते पुढे दिले आहे. उदाहरण बँकेकडून घेतलेल्या फ्लोटिंग दराच्या गृहकर्जाचे आहे, कारण अशा पत्राचा खरा उपयोग तिथेच होतो.

## हाताशी ठेवायची कागदपत्रे

- कर्जाचे मंजुरी पत्र आणि सह्या झालेला कर्ज करार
- कर्ज खात्याचा ताजा उतारा: शिल्लक मुद्दल, चालू दर आणि उरलेले हप्ते दाखवणारा
- पूर्ण क्रेडिट रिपोर्टची पीडीएफ. ॲपमधल्या स्कोअरचा स्क्रीनशॉट चालत नाही.
- बँकेच्या संकेतस्थळावरचे गृहकर्जाचे चालू दरपत्रक, तारखेसह छापलेले
- उत्पन्न वाढले असेल तर शेवटच्या तीन पगारपावत्या किंवा दोन वर्षांची आयकर विवरणपत्रे

## १. आधी कर्ज कोणत्या दराला बांधलेले आहे ते पाहा

१ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांनी दिलेली फ्लोटिंग दराची नवी गृहकर्जे बाहेरच्या दराला, बहुतेक वेळा रिझर्व्ह बँकेच्या रेपो दराला, जोडलेली असतात. मंजुरी पत्रात "रेपो अधिक अमुक टक्के" अशी ओळ सापडली तर हा लेख तुमच्यासाठीच आहे.

एमसीएलआर किंवा बेस रेट, म्हणजे बँकेने स्वतःच ठरवलेला दर, लिहिलेला असेल, तर कर्ज जुन्या पद्धतीचे आहे. अशा वेळी पहिली मागणी रेपोशी जोडलेल्या दरावर बदलून देण्याची करा. मुदतीआधी फेडताना ज्यांना दंड लागत नाही, त्यांच्याकडून बँकेला या बदलासाठी वाजवी कागदोपत्री आणि कायदेशीर खर्चाखेरीज शुल्क घेता येत नाही. फ्लोटिंग दराचे गृहकर्ज वैयक्तिकरीत्या घेणारे सगळे यात येतात.

कर्ज गृहवित्त कंपनीचे असेल तर बाहेरच्या दराशी जोडण्याचा नियम तिला लागू नाही. ती स्वतःच्या संदर्भ दरावर चालते आणि दर कमी करायला सहसा रूपांतर शुल्क मागते. तिथे पत्र ही निव्वळ विनंती ठरते. दर पूर्ण मुदतीसाठी स्थिर असेल, तर स्कोअरच्या आधारावर काही मागायला करारात बहुधा जागाच नसते.

## २. दराची फोड समजून घ्या, कारण पत्राचा जीव इथेच आहे

रेपोशी जोडलेल्या दराचे दोन भाग असतात. पहिला रेपो दर. तो रिझर्व्ह बँक ठरवते आणि बँकेला निदान तीन महिन्यांतून एकदा तुमच्या खात्यावर नवा करून लावावा लागतो, यालाच रीसेट म्हणतात. दुसरा भाग स्प्रेड, म्हणजे बँक त्यावर चढवते ते टक्के. स्प्रेडमध्ये बँकेचा खर्च आणि नफा असतो, आणि त्याच्या जोडीला क्रेडिट रिस्क प्रीमियम असतो. तुम्ही पैसे बुडवण्याची जोखीम बँकेला जितकी वाटते, तिची ही किंमत. मंजुरीच्या वेळी तुमचा स्कोअर कमी असल्यामुळे फुगला तो हाच तुकडा.

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार क्रेडिट रिस्क प्रीमियम कर्जाच्या मुदतीत बदलता येतो, पण दोन अटींवर: कर्जदाराच्या पतमूल्यांकनात ठळक बदल झालेला असला पाहिजे, आणि तो बदल कर्ज करारात ठरल्याप्रमाणे असला पाहिजे. दोन्ही अटी नीट वाचा. पहिलीमुळे ७४२ चा ७५१ झाला एवढ्यावर काही मागता येत नाही. दुसरीमुळे करारातले कलम शोधल्याशिवाय पत्र लिहायला बसू नये.

करारात "स्प्रेड", "क्रेडिट रिस्क प्रीमियम", "रीसेट" किंवा "पुनरावलोकन" हे शब्द असलेली कलमे शोधून त्यांचे क्रमांक टिपून ठेवा. काही बँकांच्या करारात ठरावीक काळाने स्कोअर पुन्हा पाहून प्रीमियम कमी-जास्त करण्याची स्पष्ट तरतूद असते. काहींमध्ये फक्त "बँकेच्या धोरणानुसार" असे मोघम लिहिलेले असते. तिथेही मागणी करता येते, पण जोर कमी पडतो हे ध्यानात ठेवा. मंजुरी पत्रात स्प्रेडचा एकच आकडा असेल आणि फोड दिलेली नसेल, तर आधी एक छोटा ईमेल पाठवून ती मागून घ्या: "माझ्या कर्जाच्या स्प्रेडमध्ये क्रेडिट रिस्क प्रीमियम किती आहे आणि तो मंजुरीच्या वेळी कोणत्या क्रेडिट ब्युरोच्या कोणत्या स्कोअरवर ठरवला, ते लेखी कळवावे." उत्तर आले तर पत्राचे अर्धे काम झाले.

शाखेत एक वाक्य हमखास ऐकू येते: "स्प्रेड तीन वर्षे बदलता येत नाही." ते अर्धवट आहे. तीन वर्षांची अट खर्चासारख्या इतर घटकांना होती, क्रेडिट रिस्क प्रीमियमला ती कधीच नव्हती. शिवाय १ ऑक्टोबर २०२५ पासून ते इतर घटकही ग्राहकाच्या फायद्यासाठी तीन वर्षांच्या आत कमी करण्याची मुभा बँकांना मिळाली आहे. मुभा आहे, सक्ती नाही. पण "नियमच नाही" हे उत्तर मान्य करू नका.

## ३. क्रेडिट रिपोर्ट बँक पाहील त्या नजरेने तपासा

भारतात कर्जफेडीच्या नोंदी ठेवून स्कोअर देणारे चार क्रेडिट ब्युरो आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. एकाच माणसाचा स्कोअर चौघांकडे वेगवेगळा असू शकतो. मंजुरी सिबिलच्या स्कोअरवर झाली असेल आणि तुम्ही दुसऱ्याच ब्युरोचा ८०५ जोडलात, तर बँक आपल्याकडचा सिबिल काढते, तो ७५८ निघतो आणि पत्राची पहिलीच ओळ पोकळ ठरते. म्हणून मंजुरीच्या वेळचाच ब्युरो वापरा. प्रत्येक ब्युरोकडून वर्षातून एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, आणि स्वतःचा रिपोर्ट काढल्याने स्कोअर घसरत नाही.

रिपोर्टमध्ये स्कोअरच्या आकड्यापेक्षा खालचे तक्ते महत्त्वाचे. प्रत्येक कर्जाच्या महिनावार चौकटींत हप्ता किती दिवस थकला ते दिसते. वेळेवर असेल तर तिथे 000 किंवा STD असते. अलीकडच्या बारा महिन्यांत कुठे 030 सारखा आकडा असेल, तर एकूण स्कोअर चांगला असूनही अधिकाऱ्याची नजर तिथेच अडकते. एखादे खाते "सेटल्ड" दाखवले आहे का, म्हणजे पूर्ण न फेडता तडजोडीने बंद केलेले आहे का, तेही पाहा. फेडून टाकलेले कर्ज अजून चालू दिसत असेल तर ब्युरोकडे तक्रार नोंदवून आधी ते दुरुस्त करून घ्या. ३० दिवसांत तक्रार निकाली निघाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम आहे.

कर्ज दोघांच्या नावावर असेल तर दोघांचेही रिपोर्ट काढा. बऱ्याच बँका दोघांपैकी कमी स्कोअर धरून दर ठरवतात. मुख्य अर्जदाराचा ७९० आणि सहकर्जदाराचा ७१० असेल, तर घाई न करता आधी ७१० कशामुळे आहे ते शोधावे.

जानेवारी २०२५ पासून बँका ब्युरोला दर पंधरवड्याला माहिती पाठवतात, त्यामुळे कार्डाची बाकी भरल्याचा परिणाम पूर्वीपेक्षा लवकर दिसतो. तरीही, दर ठरवण्यासाठी बँक स्कोअरचे जे पट्टे पाडते त्यांतल्या वरच्या पट्ट्यात तुमचा स्कोअर जेमतेम शिरला असेल तर दोन-तीन महिने थांबा. पट्टा ७५० पासून सुरू होत असेल आणि तुमचा स्कोअर ७५२ असेल, तर बँक रिपोर्ट काढील त्या दिवशी तो ७४६ असू शकतो. या काळात नवे कार्ड किंवा नवे कर्ज मागू नका.

## ४. किती मागायचे तो आकडा काढा

बहुतेक मोठ्या बँका गृहकर्जाचे दर स्कोअरच्या पट्ट्यांनुसार जाहीर करतात. दरपत्रकात मंजुरीच्या वेळचा तुमचा पट्टा आणि आजचा पट्टा शोधा. या दोहोंतला फरक हीच तुमची मागणी. दुसऱ्या बँकेच्या जाहिरातीतला दर इथे कामाचा नाही. याच बँकेचे आजचे दरपत्रक घ्या, म्हणजे "तुमच्याच मोजमापाने मी आता या पट्ट्यात बसतो" असे म्हणता येते.

तुलना करताना दरपत्रकाखालची बारीक अक्षरे सोडू नका. सर्वांत कमी दरात पगार खात्याची सवलत, स्त्री अर्जदाराची सवलत किंवा मर्यादित काळाची सणाची सवलत मिसळलेली असू शकते. ती तुम्हाला लागू नसेल तर वजा करून मगच आकडा लिहा. अशी चूक अधिकाऱ्याला एका नजरेत दिसते, आणि मग बाकीचे पत्रही तो त्याच संशयाने वाचतो.

एक उदाहरण पूर्ण करून पाहू. शिल्लक मुद्दल ३० लाख रुपये, उरलेले हप्ते १८०. रेपो ५.२५ टक्के, स्प्रेड ३.५० टक्के, म्हणून चालू दर ८.७५ टक्के. मंजुरीच्या वेळी स्कोअर ६९८, आता ७८१. बँकेच्या दरपत्रकात ७७५ च्या वरच्यांना स्प्रेड ३.०० टक्के आहे. मागणी झाली स्प्रेडमध्ये ०.५० टक्के कपातीची, म्हणजे दर ८.२५ टक्के करण्याची.

८.७५ टक्क्यांनी हप्ता सुमारे २९,९८३ रुपये बसतो, ८.२५ टक्क्यांनी सुमारे २९,१०४. महिन्याला ८७९ रुपये वाचतात, पूर्ण मुदतीत साधारण १ लाख ५८ हजार. मात्र हप्ता जुनाच २९,९८३ ठेवून मुदत कमी करून घेतली तर कर्ज सुमारे १७० हप्त्यांत फिटते. दहा हप्ते वाचले, म्हणजे जवळपास ३ लाख रुपये. घरखर्चाची ओढाताण नसेल तर दुसरा पर्याय स्पष्टपणे सरस आहे, आणि तो पत्रातच लिहून मागावा लागतो.

## ५. पत्र

एका पानात मावणारे असावे. शब्द तुमच्या मंजुरी पत्रात आहेत तेच वापरा. तिथे "मार्जिन" असेल तर पत्रातही "मार्जिन" लिहा. वरच्या उदाहरणावरून पत्र असे होईल:

> प्रति,
> शाखा व्यवस्थापक,
> (बँकेचे नाव, शाखा)
>
> दिनांक: ………
>
> विषय: गृहकर्ज खाते क्र. ……… : पतमूल्यांकनातील बदलामुळे क्रेडिट रिस्क प्रीमियम सुधारून स्प्रेड ३.५० टक्क्यांवरून ३.०० टक्के करण्याबाबत
>
> महोदय / महोदया,
>
> वरील गृहकर्ज दि. ……… रोजी मंजूर झाले. ते रेपो दराशी जोडलेले असून सध्या स्प्रेड ३.५० टक्के आणि एकूण दर ८.७५ टक्के आहे. दि. ……… अखेर शिल्लक मुद्दल रु. ३०,००,००० असून १८० हप्ते बाकी आहेत.
>
> मंजुरीच्या वेळी माझा सिबिल स्कोअर ६९८ होता. दि. ……… च्या रिपोर्टनुसार तो ७८१ आहे. या कर्जाचा एकही हप्ता आजवर थकलेला नाही. मंजुरीच्या वेळी चालू असलेले वैयक्तिक कर्ज पूर्ण फेडून बंद केले आहे.
>
> कर्ज कराराच्या कलम ……… नुसार पतमूल्यांकनात ठळक बदल झाल्यास क्रेडिट रिस्क प्रीमियम बदलण्याची तरतूद आहे. बँकेच्या दि. ……… च्या दरपत्रकानुसार ७७५ च्या वरील स्कोअरसाठी स्प्रेड ३.०० टक्के आहे. तरी माझे पतमूल्यांकन नव्याने करून स्प्रेड ३.०० टक्के करावा, ही विनंती.
>
> दर कमी झाल्यावर मासिक हप्ता सध्याचाच ठेवून मुदत कमी करावी.
>
> या बदलासाठी काही शुल्क लागत असल्यास ते आकारण्यापूर्वी रक्कम व नियम लेखी कळवावा. विनंती मान्य करता येत नसल्यास त्याचे कारण, बँकेने विचारात घेतलेला स्कोअर आणि माझ्या स्प्रेडमधील क्रेडिट रिस्क प्रीमियमचा आकडा लेखी कळवावा.
>
> सोबत: क्रेडिट रिपोर्ट, कर्ज खात्याचा उतारा, मंजुरी पत्राची प्रत, दरपत्रकाची प्रत
>
> आपला / आपली विश्वासू,
> (सही, नाव, नोंदणीकृत मोबाइल क्रमांक)

कर्ज दोघांचे असेल तर सह्या दोघांच्या आणि स्कोअरही दोघांचे लिहावेत.

यात काय नाही ते पाहा. घरची अडचण, वाढलेला खर्च, मुलांचे शिक्षण यांचा उल्लेख नाही. तो हमखास उलटतो: पैशाची ओढाताण सांगणारा कर्जदार जास्त जोखमीचा, असेच बँकेचे गणित सांगते. रेपो कमी झाल्याचा उल्लेखही मुद्दाम टाळला आहे. रेपोतली घट रीसेटच्या तारखेला आपोआप लागू होते, आणि पत्रात ती आली की "तुमचा दर मागच्या तिमाहीत कमी केला आहे" असे उत्तर देऊन मूळ मागणी मिटवता येते. कर्ज दुसऱ्या बँकेत नेण्याचा इशाराही पहिल्या पत्रात नको. त्याची वेळ नंतर येते.

शेवटचा परिच्छेद मात्र काटू नका. नकार आला तरी त्यामुळे पुढच्या पायरीसाठी माहिती हाती येते.

## ६. पत्र पोहोचल्याचा पुरावा घ्या

पत्राच्या दोन प्रती न्या. एकीवर शाखेचा शिक्का, तारीख आणि सही घ्या. निर्णय बहुतेक वेळा शाखेत होत नाही, कर्ज विभागाच्या केंद्रात होतो. म्हणून पत्र कुठे पाठवणार ते विचारा आणि विनंती क्रमांक मागा. शाखा शिक्का द्यायला कां-कू करत असेल तर पोचपावतीसह स्पीड पोस्टने पाठवा. त्याच दिवशी तेच पत्र नोंदणीकृत ईमेलवरून बँकेच्या ग्राहक सेवेलाही पाठवा. तोंडी बोलणे झाले तर "आज आपण असे सांगितलेत" अशी दोन ओळींची ईमेल टाकून ते लेखी करून ठेवा.

## ७. उत्तर काय येते त्यावर पुढची चाल

"शुल्क भरा, दर कमी करतो." इथे थांबून विचारा की हे शुल्क नेमके कशाचे. अनेकदा तुम्ही मागितलेला असतो पतमूल्यांकनाचा आढावा, आणि समोर येते दर बदलण्याची सशुल्क योजना. करारातल्या कलमाप्रमाणे आढावा होत असेल तर शुल्काचा आधार लेखी मागा. तो मिळाला आणि शुल्क जीएसटीसह ६,००० रुपये निघाले, तर वरच्या उदाहरणात ते सात महिन्यांत वसूल होते. मग भरायला हरकत नाही. शुल्क शिल्लक मुद्दलाच्या टक्क्यांत असेल तर आधी हिशेब करा: अर्धा टक्का म्हणजे ३० लाखांवर १५,००० आणि वर जीएसटी.

"थोडा कमी करतो." ०.५० मागितले आणि ०.२५ मिळाले, तर ते घ्या, पण "उरलेल्या मागणीचा हक्क सोडला" अशा अर्थाच्या कागदावर सही करू नका. सही करण्याआधी नवा स्प्रेड किती आणि तो पुन्हा कधी बदलू शकतो, ही दोन वाक्ये त्यात शोधा.

"नाही." कारण वाचा. स्कोअर पाहूनही उत्पन्नाच्या मानाने हप्त्यांचा बोजा जास्त आहे, असे बँक म्हणू शकते. पतमूल्यांकन म्हणजे फक्त स्कोअर नव्हे, त्यामुळे हा नकार रास्तही असू शकतो. आता दुसऱ्या बँकेकडून कर्ज हस्तांतरणाचा लेखी प्रस्ताव घ्या. वैयक्तिक फ्लोटिंग गृहकर्ज मुदतीआधी फेडायला दंड नसल्याने तो प्रस्ताव जुन्या बँकेसमोर ठेवता येतो. एकाच बँकेकडे अर्ज करा, कारण प्रत्येक अर्जाची चौकशी रिपोर्टवर उमटते. प्रक्रिया शुल्क, वकिलाची छाननी, मूल्यांकन आणि गहाणखताचे मुद्रांक शुल्क धरूनही फायदा उरतो का, ते पाहूनच खरे हस्तांतरण करा.

काहीच उत्तर नाही. ३० दिवस उलटले की रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे `cms.rbi.org.in` वर तक्रार करता येते. तक्रार कशाची, याला महत्त्व आहे. "बँकेने दर कमी केला नाही" ही तक्रार टिकत नाही, कारण किती दर लावायचा हा बँकेचा व्यावसायिक निर्णय मानला जातो. "लेखी विनंतीला उत्तर दिले नाही" किंवा "कराराच्या कलम अमुकप्रमाणे आढावा घेतला नाही" अशी ती लिहा, आणि शिक्क्याची प्रत जोडा.

## ८. दर कमी झाल्यावर उतारा तपासा

मंजुरीचा ईमेल आला की काम संपत नाही. नवा दर कोणत्या तारखेपासून लागू झाला ते पाहा आणि परतफेडीचे नवे वेळापत्रक मागवा. आपल्या उदाहरणात तिथे ८.२५ टक्के दर, २९,९८३ चा हप्ता आणि सुमारे १७० हप्ते दिसायला हवेत. हप्ता २९,१०४ आणि हप्ते १८० दिसले, तर मुदत कमी करण्याची तुमची सूचना नोंदवली गेलेली नाही. लगेच कळवा, कारण तेवढी दुरुस्ती शाखा पहिल्या हप्त्याआधी सहज करून देते.

दरातला बदल रेपोमुळे दिसतो की स्प्रेडमुळे, तेही वेगळे तपासा. पत्र दिल्यानंतर मध्येच रीसेटची तारीख येऊन गेली असेल, तर एकूण दर कमी दिसतो आणि स्प्रेड जागच्या जागीच असतो. उताऱ्यातल्या एकूण दरातून त्या दिवशीचा रेपो वजा करा. उरलेला आकडा ३.०० आला तर मागणी पूर्ण झाली. तो ३.५० च असेल, तर पोचपावतीचा क्रमांक देऊन तेच पत्र पुन्हा पाठवा.